झटका मशीनची मंद टिकटिक: कुंपण दुरुस्तीच्या नोंदी

३ ऑक्टोबर, दुपार. ऊन, जमीन वरून कोरडी

काकांच्या शेताला दीड किलोमीटरच्या आसपास झटका कुंपण आहे. लोखंडी खांब, त्यांवर इन्सुलेटर आणि तीन तारा. तिन्ही तारांत झटका आहे. सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर उंच, रानडुकरांसाठी मुद्दाम खाली घेतलेली. मशीन मधोमध, छपराखाली. तिथून एक फांदी डावीकडे जाते, एक उजवीकडे. मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि बॅटरी सोलर पॅनेलवर.

तक्रार अशी की पूर्वी मशीनची टिकटिक अंगणातून ऐकू यायची, आता जवळ जाऊन कान द्यावा लागतो. डुकरं खालच्या तारेखालून आत येतायत. काकांचं मत ठाम आहे : "मशीन गेलंय, नवीन मोठं बसव."

आवाजावरून मात्र एवढंच कळतं की ठोका पडतोय. टिक हा आवाज आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला प्रवाहाचा हिसका बसतो त्याचा असतो. तो का मंदावला याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात : तारेवर, जमिनीत किंवा डब्यात. म्हणून आधी सगळी मापं, पाना नंतर.

मिनिटभर ठोके मोजले. पंचेचाळीस, म्हणजे साधारण १.३ सेकंदाला एक, आणि लय स्थिर. सुरक्षेच्या मानकाप्रमाणे दोन ठोक्यांत किमान एक सेकंद हवाच, तेव्हा हे ठीक. बॅटरी मशीन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १२.३. बॅटरी उतरली असती तर पुष्कळशा मशीनमध्ये ठोक्यांतलं अंतर वाढतं. इथे तसं नाही, त्यामुळे पुरवठा तूर्त संशयातून बाहेर.

कुंपणाच्या बाजूची मापं झटका कुंपणाच्या खास मीटरनेच घ्यायची. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. ठोका सेकंदाच्या काही दशहजारांश भागापुरताच असतो, त्यामुळे आकडा चुकीचा येतो आणि काही हजार व्होल्टने मीटरही जातो.

पहिलं माप : मशीनवरून कुंपणाची आणि अर्थिंगची दोन्ही वायर काढून, थेट दोन टर्मिनलांत. आलं ७.६ किलोव्होल्ट. डब्यावरच्या लेबलवर मोकळ्या मशीनला ८.५ लिहिलंय. थोडं कमी आहे, पण मेलेलं मशीन असा आकडा देत नाही. याबद्दल पुढे लिहायचं आहे.

दुसरं माप : सगळं जोडून, पुन्हा त्याच दोन टर्मिनलांत. ३.७.

तिसरं माप : कुंपणाची तार आणि अर्थिंगपासून बरीच लांब, जमिनीत रोवलेली मीटरची सळई. १.७.

चौथं : अर्थिंगचा रॉड आणि तीच लांबची सळई. २.०.

रॉडजवळ जाण्याआधी काकांना लांब उभं केलं होतं. ज्या रॉडला जमिनीच्या तुलनेत शून्याजवळ राहायला हवं, त्याच्यावर कुंपणाच्या तारेपेक्षा जास्त व्होल्टेज बसलंय. १.७ आणि २.० ची बेरीज ३.७. म्हणजे मशीन ढकलतंय त्यातला निम्म्याहून जास्त भाग अर्थिंगमध्येच खर्च होतो आणि डुकराच्या वाट्याला उरलेला येतो. नुसत्या टर्मिनलवर मोजणारा माणूस ३.७ बघून म्हणेल, "बरं आहे की." जनावर टर्मिनलला नाक लावत नाही. त्याचं नाक तारेला लागतं आणि पाय जमिनीवर असतात, त्यामुळे खरं माप तिसरंच.

मीटरवर प्रवाहही दिसतो : मशीनमधून निघताना साधारण १० अँपिअर.

एवढ्यावरून कच्चा हिशोब मांडता येतो. अर्थिंगवर २००० व्होल्ट आणि १० अँपिअर, म्हणजे २०० ओहम. तारेवरून जमिनीत जाणारी गळती १७०० व्होल्ट आणि १० अँपिअर, म्हणजे १७० ते १७५ ओहम. मशीनच्या पोटात ७.६ वजा ३.७, म्हणजे ३.९ किलोव्होल्ट पडतंय, सुमारे ३९० ओहम. ठोका क्षणिक असतो, त्यामुळे हे गणित काटेकोर नाही, पण कुठे किती अडकतंय ते दाखवायला पुरेसं आहे. वहीत तिन्ही आकडे वर्तुळ करून ठेवलेत : मशीन ३९०, अर्थिंग २००, गळती १७५.

४ ऑक्टोबर, पहाट. गवतावर भरपूर दव

दवात मुद्दाम मोजलं, कारण डुकरं रात्री आणि पहाटेच येतात. दुपारचा आकडा त्यांच्या कामाचा नाही.

टर्मिनलवर ३.४, तारेवर १.२, अर्थिंगवर २.२. टर्मिनलचा आकडा दुपारपेक्षा किंचितच उतरला, पण तारेवरचा १.७ वरून १.२ वर आला. टर्मिनलचं माप किती फसवं असतं, याचा हा दुसरा पुरावा.

ओल्या गवताचं एक पातं तारेला टेकलं तर त्यातून फार काही जात नाही. समजा एका पात्याचा विरोध ५० हजार ओहम धरला. एकट्या पात्याला मशीन भीक घालत नाही. पण अशी ३०० पाती समांतर आली की ५० हजार भागिले ३००, म्हणजे १६७ ओहम. दीड किलोमीटरच्या कुंपणात तीनशे पाती ही काहीच नाहीत.

मग सगळ्यात सोपी चाचणी केली. मशीन बंद करून खालच्या तारेला जोडणारे जंपर दोन्ही फांद्यांवर सोडले आणि वरच्या दोन तारा तशाच ठेवल्या. मशीन चालू. तारेवर १.२ चे ४.६ झाले. प्रवाह पाचाच्या आसपास आला. अर्थिंगवर अजून एक किलोव्होल्ट आहेच.

म्हणजे गळतीचा मोठा वाटा खालच्या तारेवर आहे. वरच्या तारांचे इन्सुलेटर आणि फाटकाखालची केबल मोठ्या संशयातून सुटली. फाटकाखालच्या केबलची भीती होती. अशा ठिकाणी घरगुती वायरिंगची वायर पुरतात आणि तिचं प्लास्टिक काही हजार व्होल्टसाठी नसतंच. ते मातीत कुठेतरी फुटतं आणि वरून काही दिसत नाही. इथे जाड, दुहेरी वेष्टनाची कुंपणाचीच केबल निघाली.

जंपर परत लावले. दव वाळल्यावर गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं.

४ ऑक्टोबर, दुपार

गळतीची जागा शोधायला व्होल्टेजचा उपयोग होत नाही, हे आज काकांना तारेबरोबर चालत दाखवलं. सुरुवातीच्या खांबाशी १.७, शेवटच्या खांबाशी १.६. मधे कुठेच ठळक पायरी नाही. कारण असं की अडीच मिलिमीटर जाडीच्या तारेचा विरोध किलोमीटरला ३५ ओहमच्या जवळपास असतो, आणि तीन तारा जोडून घेतल्या की तो १२ च्या घरात येतो. त्या मानाने अर्थिंगचे दोनशे ओहम कितीतरी मोठे. गळती कुठेही असो, सगळं कुंपण एकदमच खाली बसतं, एका टोकाला भोक पडलेल्या पाण्याच्या टाकीसारखं.

प्रवाह मात्र रस्ता सांगतो. गळतीच्या जागेपर्यंत तो जोरात वाहतो आणि तिच्यापुढे कमी होतो. मीटर तारेवर टेकवला की अँपिअर आणि दिशेचा बाण दोन्ही दिसतात.

डाव्या फांदीच्या सुरुवातीला ३ अँपिअर, उजव्या फांदीच्या सुरुवातीला ७. डावी फांदी तूर्त बाजूला ठेवली आणि उजवीवरून निघालो. (आकडे तिन्ही तारांचे मिळून. तारा जागोजागी जोडलेल्या असल्यामुळे प्रत्येक तारेवर मोजून बेरीज करावी लागते. कंटाळवाणं काम आहे.) पहिले वीसेक खांब ७ च ७. मग ओढ्याच्या वळणाशी ६, आणि त्यापुढे वीस-पंचवीस खांबांच्या टप्प्यात थेट २. म्हणजे चार अँपिअर त्या तुकड्यातच जमिनीत गेले.

गवतापेक्षा तिथे वेली जास्त होत्या. खांबाच्या बुडातून वर चढून खालच्या तारेला पीळ घालून मधल्या तारेपर्यंत पोचलेल्या, हिरव्या आणि रसाळ. लांबून बांध नेहमीसारखाच दिसतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आलं नाही. काका म्हणाले, "एवढ्या वेलींनी एवढं मशीन बसतं होय?" एका वेलीने बसत नाही, तारेला वीस ठिकाणी चिकटलेल्या वेलींनी बसतं.

डाव्या फांदीवर प्रवाह हळूहळू, सगळीकडे थोडा थोडा कमी होतो. तिथे एक अशी जागा नाही, सरसकट गवत आहे.

जाता जाता : मीटरला प्रवाह दाखवता येत नसेल तर मीडियम वेव्हचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून तारेजवळून चालावं. प्रत्येक ठोक्याला खट् असा आवाज येतो आणि ठिणगी पडत असेल त्या जागेशी तो मोठा होतो. हे फुटलेल्या इन्सुलेटरला लागू पडतं. ओलं गवत शांतपणे गळतं, ते रेडिओला सापडत नाही.

६ ऑक्टोबर. साफसफाई

मशीन बंद, बॅटरीची वायर काढून खिशात. कोणीतरी येऊन "मशीन बंद का?" म्हणून चालू करू नये एवढ्यासाठी.

तारेच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा कापला. वेली बुडातून तोडल्या आणि तारेवरून सोडवूनही घेतल्या. बुडातून तोडून तशाच सोडणं काकांना पटत होतं, "वाळून जातील" म्हणून. वाळतात खऱ्या, आणि कोरड्या दुपारी त्यांतून काही जातही नाही. पण दव पडलं की वाळलेली वेल ओल्या दोरीसारखी वागते, आणि आपला प्रश्न पहाटेचा आहे.

खालची तार उचलून उंच करायचाही विचार झाला. उंच केली की गवत टेकायला वेळ लागेल, पण डुकराचं नाक तारेखालून जाईल. तार तिथेच ठेवली आणि त्याऐवजी दोन्ही फांद्यांवर खालच्या तारेला स्वतंत्र कट-आउट स्विच बसवला. गवत माजलं आणि कापायला दोन दिवस लागणार असतील तर तेवढी तार बंद करून वरच्या दोन तारा तरी जोमात ठेवता येतील.

दुपारची मापं, तिन्ही तारा जोडून : टर्मिनल ५.५, तार ४.४, अर्थिंग १.१, प्रवाह साडेपाच. गळतीचा विरोध १७५ वरून ८०० ओहमच्या घरात गेला.

टिकटिक थोडी सुधारली. काका खूश. माझ्या वहीत मात्र अर्थिंगच्या २०० ओहमवरचं वर्तुळ अजून तसंच आहे. १.१ किलोव्होल्ट भागिले साडेपाच, उत्तर तेच. गवत काढून अर्थिंग सुधारत नसतं. प्रवाह कमी झाला म्हणून ते कमी दिसतं, एवढंच. पुन्हा दव पडलं की पुन्हा डोकं वर काढणार.

८ ऑक्टोबर. अर्थिंग

जुनं अर्थिंग उकरलं. छपराच्या कडेला, भिंतीला लागून, मीटरभर लांबीचे दोन रॉड. छपरामुळे तिथे पावसाचं पाणीही धड पडत नाही, माती भुसभुशीत आणि कोरडी. एका रॉडचा क्लॅम्प गंजून हातात आला. तांब्याची वायर गॅल्वनाइज्ड रॉडला बांधलेली होती. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की तिथे गंज आधी लागतो. म्हणजे कागदोपत्री दोन, प्रत्यक्षात एकच रॉड.

नवीन रॉड ठोकण्याआधी एक झटपट खात्री करून घेतली. जुन्या रॉडच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतून थोडं थांबलो आणि मोजलं. अर्थिंगवरचे १.१ चे ०.७ झाले. पाण्याने व्होल्टेज उतरतं म्हणजे अडचण मातीशी होणाऱ्या संपर्कात आहे. दुरुस्ती म्हणून हे कामाचं नाही, संध्याकाळपर्यंत पुन्हा कोरडं.

जागा बदलली. विहिरीच्या पाटाखालचा उताराचा कोपरा बारा महिने ओलसर असतो. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून तो बराच लांब आहे. किमान दहा मीटर अंतर हवंच, आणि ही दोन अर्थिंग एकमेकांना कधीही जोडायची नाहीत, नाहीतर कुंपणाचा ठोका घरातल्या नळाला आणि उपकरणांच्या पत्र्याला येतो. मशीनपासून तिथवर कुंपणाचीच वेष्टन असलेली केबल, मधे जोड न देता.

दोन मीटरचे गॅल्वनाइज्ड रॉड, एकमेकांपासून तीन मीटरवर. जवळ ठोकले तर सगळे एकाच मातीच्या गोळ्यात प्रवाह सोडतात आणि दुसऱ्या रॉडचा फायदा होत नाही.

अर्थिंगची चाचणी नेहमी कुंपणावर मुद्दाम भार टाकून करायची. स्वच्छ कुंपणावर प्रवाहच कमी असतो, मग खराब अर्थिंगही चांगलं दिसतं. मशीन बंद करून मशीनपासून शे-दीडशे मीटरवर काही लोखंडी सळ्या जमिनीत रोवून तारेला टेकवून ठेवल्या. मशीन चालू केल्यावर तारेवरचं व्होल्टेज दोन किलोव्होल्टच्या खाली आलं, तेवढाच भार हवा होता. मग अर्थिंगचा रॉड आणि लांबची सळई यांत मोजलं.

जुन्या अर्थिंगवर २.२. ते पूर्ण सोडवून नवा एक रॉड जोडला : ०.६६. दोन रॉड : ०.३७. तीन : ०.२७. चार : ०.२१.

पहिल्या रॉडने मोठी उडी मारली, चौथ्याने जेमतेम. साधारण ०.२ ते ०.३ च्या खाली आलं की अर्थिंग ठीक समजतात, म्हणजे तिसऱ्यावर थांबता आलं असतं. चौथा ठेवला, कारण आत्ता जमीन ओली आहे. उन्हाळ्यात याच मातीचा आकडा चढेल.

सळ्या काढल्या. दुपारी तारेवर ५.० किलोव्होल्ट.

९ ऑक्टोबर, पहाट. दव, थोडं धुकं

तारेवर ३.२.

केसाळ जाड कातडीच्या डुकरासाठी ४ तरी हवेत. गवत साफ आहे, अर्थिंगवर आज ०.१६ आहे, दोन्हीकडे बोट दाखवायला जागा नाही. प्रवाह पावणेअकरा, म्हणजे दवाने गळती ३०० ओहमवर आलीय. खांब आणि इन्सुलेटरही ओले होतात, एवढी गळती दीड किलोमीटरला राहणारच. चांगल्या मशीनने ती सोसायला हवी. टिक अजूनही बसक्या आवाजाची.

वहीत उरलेलं वर्तुळ : मशीन, ३९० ओहम.

९ ऑक्टोबर, दुपार. मशीनवर भार

पहिल्या दिवशी मोकळ्या मशीनला ७.६ आलं होतं. पुष्कळ जण इथेच मशीनला निर्दोष ठरवतात. पण मोकळं मशीन काही कामच करत नसतं. आत एक कपॅसिटर काही शे व्होल्टपर्यंत भरतो, थायरिस्टर त्याला एका क्षणात ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतो आणि पलीकडून हजारो व्होल्टचा ठोका निघतो. बाहेर काही जोडलेलंच नसेल तर थोड्याशा साठ्यातही व्होल्टेज उंच जातं. साठा किती आहे ते भार दिल्यावरच कळतं.

भार म्हणून ५०० ओहम वापरायची पद्धत आहे, मशीनच्या लेबलवरचे आकडेही बहुधा त्यावरच असतात. ५१ ओहमचे दहा कार्बन कंपोझिशन रेझिस्टर एकामागे एक जोडून लाकडी पट्टीवर बसवले. दहा एवढ्यासाठी की एकेकावर चार-पाचशे व्होल्टच यावेत. तार गुंडाळलेले रेझिस्टर टाळले, त्यांत गुंडाळीमुळे अशा चटकन येणाऱ्या ठोक्याला वेगळाच अडथळा होतो. फिल्मचे रेझिस्टर अशा ठोक्यांनी आतून जळतात.

लेबलप्रमाणे ५०० ओहमवर ५.६ किलोव्होल्ट यायला हवेत. आले ४.३.

दुसरी, पूर्ण भरलेली बॅटरी लावून पुन्हा : ४.३. पुरवठा आता कायमचा सुटला. अंधारात डब्याच्या फटीतून पाहिलं, आत कुठे निळी ठिणगी नाही, चरचर नाही. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं असतं तर मोकळ्या मशीनलाही ७.६ टिकले नसते आणि आवाज बसका न होता उलट कडक, तडतडणारा आला असता.

सारख्याच भारावर ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४.३ भागिले ५.६, त्याचा वर्ग ०.५९. म्हणजे मशीन मूळच्या साठ टक्केच ऊर्जा बाहेर टाकतंय. पहिला संशय कपॅसिटरवर.

११ ऑक्टोबर. डबा उघडला

बॅटरीच्या दोन्ही वायर काढल्या, कुंपण आणि अर्थिंगही. तरी लगेच आत हात घालायचा नाही. कपॅसिटरमध्ये सहाशे व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो आणि तो ठोक्यासारखा ट्रान्सफॉर्मरमधून येत नाही, सरळ हाताला बसतो. जिवावर बेतू शकतं. लांब वेष्टनाच्या क्लिपांना लावलेला १० हजार ओहम, १० वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद धरला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट, ठिणगीने टोकं जळतात. मग मल्टिमीटरने पाहिलं, शून्याजवळ. इथे मात्र साधा मल्टिमीटरच हवा.

आत मुंग्यांची माती आणि एक वाळलेली पाल. उबेसाठी येतात बिचाऱ्या. दोन्ही साफ केलं, सर्किटवर जळाल्याची काळी रेघ नव्हती. बॅटरीची वायर येते त्या भोकात रबरी बूच नव्हतं, ते बसवलं.

कपॅसिटरवर १६ मायक्रोफॅरड छापलेलं. एक पाय सर्किटमधून सोडवून मोजला : दहाच्या थोडा वर. अंग एका बाजूने किंचित फुगलेलं. अशा कपॅसिटरच्या आतला धातूचा पातळ थर ठोक्यागणिक कणाकणाने झिजतो आणि धारिता हळूहळू कमी होते. एका दिवसात काही बिघडत नाही, म्हणून कोणाला तारीख सांगता येत नाही.

साठ्याचं गणित म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचं निम्मं. ६०० व्होल्टवर १६ मायक्रोफॅरडला २.९ ज्यूल, १० ला १.८. गुणोत्तर ०.६२. भार देऊन आलेल्या ०.५९ शी हे जुळतं, तेव्हा आणखी काही उकरायची गरज वाटली नाही.

नवीन कपॅसिटर तेवढ्याच धारितेचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, पॉलिप्रोपिलीनचा आणि ठोक्यासाठी बनवलेला. पंपाच्या मोटरचा कपॅसिटर आकाराने बसतो आणि काही दिवस चालतोही, पण एका क्षणात रिकामं होणं हे त्याचं काम नाही. काकांनी विचारलं, "मोठाच टाकला तर?" मोठा टाकला की थायरिस्टर आणि ट्रान्सफॉर्मरवर त्यांच्या हिशोबाबाहेरचा हिसका येतो. शिवाय ठोक्याची ऊर्जा मशीन बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेत असते. आयईसी ६०३३५-२-७६ या मानकात ५०० ओहमवर ठोक्याला ५ ज्यूलची कमाल मर्यादा आहे. कुंपणाला उद्या एखादं पोर हात लावणार आहे, हे धरूनच ती मर्यादा आहे.

बसवल्यावर : मोकळं ८.४, ५०० ओहमवर ५.५. टिक अंगणातून ऐकू येते.

१२ ऑक्टोबर, पहाट. दव कालच्याइतकंच

तारेवर ४.३, दोन्ही फांद्यांच्या शेवटच्या खांबाशी ४.२. अर्थिंगवर ०.२.

दुपारी : तार ६.२, अर्थिंग ०.१२.

काकांच्या पहिल्या दिवशीच्या मागणीचा हिशोब कागदावर करून त्यांना दाखवला. त्या दिवशी बाकी काहीही न करता नुसतं मशीन पूर्ववत केलं असतं तर दुपारी तारेवर १.७ ऐवजी २.३ आले असते. नुसतं अर्थिंग केलं असतं तरी २.३ च. नुसतं गवत काढलं असतं तर दुपारी ४.४ आले असते आणि सगळे समाधानाने घरी गेले असते, पण पहाटे तार २.६ वर बसली असती. डुकरं येतात तेव्हाच.

डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आजची मापं खडूऐवजी रंगाने लिहिली : मोकळं, ५०० ओहमवर, तार दुपारी, तार पहाटे, अर्थिंग. पुढच्या वेळी टिक मंदावली की लेबलशी नव्हे, या आकड्यांशी ताडून बघायचं. डाव्या फांदीच्या टोकाला दोन इन्सुलेटर उन्हाने चिरलेत, आत्ता गळत नाहीत. पुढच्या गवतकापणीला ते बदलायचे. उन्हाळ्याच्या मध्यावर भार टाकून अर्थिंग पुन्हा मोजायचं आणि ०.३ च्या वर गेलं तर त्याच ओळीत पाचवा रॉड.